पासबुकातली ही ओळ नेमकी कुणाची?

‘इंडियन क्लिअरिंग कॉर्प नावाच्या कुठल्याशा कंपनीने खात्यातून दोन हजार काढले. आम्ही तर हे नावही ऐकलेलं नाही.’ ‘येस बँकेत आमचं कुणाचंच खातं नाही, तरी पासबुकात तीनदा YESB कसं?’ ‘दर महिन्याला २९५ रुपये कोण नेतं?’ पैशांविषयीच्या या पानाकडे येणाऱ्या पत्रांत हे तीन प्रश्न नावं बदलून पुन्हा पुन्हा येतात. पहिल्या दोन ओळींत बहुतेक वेळा काळजीचं काही नसतं. तिसरी ओळ मात्र खरोखर तुमचं नुकसान करत असते, आणि रक्कम लहान दिसते म्हणून लोक नेमकी तीच सोडून देतात.

बँकेच्या या ओळी गूढ वाटतात, पण त्या ठरावीक तुकड्यांच्या बनलेल्या असतात. तुकडे वेगळे करता आले की निम्मी भीती जाते. उरलेल्या ओळींचं काय करायचं आणि तुमचा हक्क कुठवर आहे, तेही पाहू.

आधी रकाना, मग शब्द

पैसे आले की गेले, हे वर्णनाच्या शब्दांवरून ठरवू नका. नावे आणि जमा हे दोन रकाने असतात, तेच पाहा. काही बँका जमेच्या ओळीला `BY TRANSFER` आणि नावेच्या ओळीला `TO TRANSFER` लिहितात. ही हिशेबनिसांची जुनी पद्धत. सामान्य माणूस ‘बाय’ वाचून ‘माझ्याकडून गेले’ असं समजतो आणि घाबरतो. त्यात भर म्हणजे त्याच पासबुकात `by debit card` अशी ओळही येते आणि तिथे पैसे खरोखर गेलेले असतात, कारण तिथे ‘डेबिट कार्डामार्फत’ एवढंच म्हणायचं असतं. `DEP TFR` म्हणजे जमा आणि `WDL TFR` म्हणजे नावे, हे नवं रूप त्या मानाने बरं.

दुसरी गोष्ट, छापील पासबुकाचा रकाना अरुंद असतो. वर्णन मध्येच तुटतं आणि नाव अर्धवट राहतं. एखादी ओळ कळत नसेल तर नेट बँकिंगवरचं किंवा शाखेतून घेतलेलं स्टेटमेंट पाहा. त्यात तीच ओळ बहुधा लांब आणि पूर्ण असते. काही बँका स्टेटमेंटच्या शेवटच्या पानावर संक्षेपांचे अर्थही छापतात. ते पान लोक न वाचताच फाइलला लावतात.

हस्तांतराची ओळ: सात तुकडे

यूपीआयची एक ओळ घेऊ. किराणा दुकानात ६४० रुपये दिले, त्याची नोंद एका मोठ्या बँकेच्या पासबुकात साधारण अशी दिसते:

```
TO TRANSFER-UPI/DR/5066XXXXXXXX/SHREE TR/YESB/q48XXXX/Payme
```

तिरक्या रेघांवर ओळ तोडा.

`UPI` हा मार्ग. `DR` म्हणजे नावे, `CR` असतं तर जमा. काही बँका इथे `P2A` किंवा `P2M` लिहितात. पहिल्याचा अर्थ पैसे व्यक्तीच्या खात्यात गेले, दुसऱ्याचा अर्थ दुकानदाराला गेले.

पुढचा बारा अंकी आकडा सर्वांत महत्त्वाचा, कारण बँक तुमचा व्यवहार त्याच्यावरूनच शोधते. तो सहसा असा बांधलेला असतो: पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक, पुढचे तीन अंक वर्षातला कितवा दिवस. `5066` म्हणजे २०२५ मधला ६६ वा दिवस. जानेवारीचे ३१ आणि फेब्रुवारीचे २८ मिळून ५९ झाले, उरले ७. म्हणजे ७ मार्च. पासबुकात नोंद ८ किंवा १० तारखेला पडली असली, तरी पैसे कोणत्या दिवशी दिले ते इथून कळतं आणि ‘त्या दिवशी आपण कुठे होतो’ हे आठवता येतं. आयएमपीएसच्या ओळीतही असाच बारा अंकी क्रमांक असतो.

`SHREE TR` हे पैसे घेणाऱ्याचं नाव, आठ अक्षरांवर तोडलेलं. दुकानाच्या पाटीवर ‘गणेश किराणा’ आणि खात्यावर मालकाच्या बायकोचं किंवा जुन्या फर्मचं नाव, हे आपल्याकडे सर्रास चालतं.

आता `YESB`. ही समोरच्याची बँक, तुमची नव्हे. त्यातही समोरच्याचं बचत खातं येस बँकेतच आहे असं समजू नका. पुढचा `q48XXXX` हा समोरच्याच्या यूपीआय पत्त्याचा तुटलेला तुकडा. फोनपेच्या क्यूआर कोडमागचा पत्ता बहुधा `@ybl` ने संपतो आणि तो येस बँकेमार्फत चालतो. त्यामुळे कोपऱ्यावरचा भाजीवाला, रिक्षावाला आणि सलूनवाला, तिघांच्या ओळीत `YESB` दिसू शकतं. `@okaxis`, `@oksbi`, `@okicici`, `@okhdfcbank` हे गुगल पेचे पत्ते. `@upi` हा भीम ॲपचा. चार अक्षरी बँक-संकेत आयएफएससी कोडच्या सुरुवातीचेच असतात. महाराष्ट्रात वरचेवर दिसणारे काही: `SBIN` स्टेट बँक, `MAHB` बँक ऑफ महाराष्ट्र, `BKID` बँक ऑफ इंडिया, `SRCB` सारस्वत, `COSB` कॉसमॉस, `IPOS` टपाल खात्याची पेमेंट्स बँक. `UTIB` मात्र फसवं आहे. ती ॲक्सिस बँक. पूर्वी तिचं नाव यूटीआय बँक होतं, ते गेलं आणि संकेत राहिला.

शेवटचा तुकडा `Payme` हा शेरा. तो पैसे पाठवणाऱ्याने टाईप केलेला असतो किंवा ॲपने आपोआप भरलेला असतो. बँकेने तो तपासलेला नसतो. हे नीट लक्षात ठेवा. कुणी तुमच्या खात्यात एक रुपया पाठवून शेऱ्यात `REFUND` किंवा `KYC` लिहिलं, तर ते पाठवणाऱ्याचे शब्द झाले, बँकेचे नव्हेत. अनोळखी रक्कम जमा होते आणि पाठोपाठ ‘चुकून आली, परत पाठवा’ असा फोन येतो, तेव्हाही हेच. परस्पर परत पाठवू नका. बँकेला बारा अंकी क्रमांक कळवा आणि ‘ही रक्कम माझी नाही, ज्या मार्गाने आली त्या मार्गाने परत करा’ असं लेखी सांगा. फसवणुकीचा पैसा तुमच्या खात्यातून फिरला तर खातं गोठवलं जाऊ शकतं, आणि ते सोडवण्यात महिने जातात.

एनईएफटी आणि आरटीजीएसच्या ओळीत बारा अंकी क्रमांकाऐवजी यूटीआर असतो. एनईएफटीचा साधारण सोळा अक्षरांचा, आरटीजीएसचा बावीस. त्याची पहिली चार अक्षरं पाठवणाऱ्या बँकेची असतात. पगार, भाडं, विम्याचा दावा यांपैकी काय आलं हे कळत नसेल, तर कोणत्या बँकेतून आलं यावरून निम्मा उलगडा होतो.

यूपीआय लाइट वापरत असाल तर एक अपवाद. लाइटमध्ये पैसे भरल्याची एकच नोंद पासबुकात पडते. त्यातून केलेले चहा-वड्याचे खर्च पासबुकात येत नाहीत, ते ॲपमध्ये पाहावे लागतात. ‘पाचशे गेले, पण कुणाला ते दिसत नाही’ या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं.

मँडेटची ओळ: इथे थोडं थांबा

दरमहा आपोआप पैसे कापायला तुम्ही दिलेली परवानगी म्हणजे मँडेट. पासबुकात ती बहुधा `ACH D` अशी येते. पूर्वी `ECS` यायचं, आता नॅच नावाची राष्ट्रीय व्यवस्था ते काम करते. `D` म्हणजे नावे. `ACH C` असेल तर पैसे आलेत: लाभांश, गॅसचं अनुदान, सरकारी योजनेचा हप्ता. स्टेट बँकेत एकगठ्ठा जमांना `CEMTEX DEP` असंही लिहिलेलं असतं. ते पाहून घाबरायचं कारण नाही.

`ACH D` नंतरचं नाव हे पैसे *गोळा करणाऱ्याचं* असतं, आणि घोळ तिथेच होतो. `INDIAN CLEARING CORP` ही मुंबई शेअर बाजाराची क्लिअरिंग कंपनी. ॲपवरून किंवा वितरकाकडून म्युच्युअल फंडाची एसआयपी सुरू केली की पैसे अनेकदा आधी तिच्याकडे जातात आणि तिथून फंडाकडे. फंडाचं नाव पासबुकात येतच नाही. वडिलांच्या खात्यावर मुलाने एसआयपी लावली आणि सांगायचं राहिलं, की वडील पासबुक घेऊन शाखेत. खात्री करायची असेल तर त्याच तारखेला तेवढ्याच रकमेची युनिट्स फंडाच्या खात्यात आलीत का ते पाहा. आली असतील तर विषय संपला. नसतील तर ॲपकडे यूएमआरएन मागा. हा मँडेटचा वीस अक्षरी क्रमांक. मँडेटबद्दल काहीही विचारायचं असेल तर बँकेला हाच लागतो. ओळीत छापलेला लांब आकडा कित्येकदा कंपनीचा स्वतःचा खातेक्रमांक असतो, यूएमआरएन नव्हे. दोन्हींत गल्लत करू नका.

*२९५ रुपयांचं गणित*

आता तो तिसरा प्रश्न. एका वाचकाने पाठवलेल्या पानावरून, आकडे थोडे बदलून, हे उदाहरण देतो. दुचाकीचा हप्ता ३,१५० रुपये, तारीख ५. पगार साधारण १२ ला. ५ तारखेला खात्यात १,७४० रुपये होते.

```
05  ACH DR RTN CHGS    295.00    1445.00
10  ACH DR RTN CHGS    295.00    1150.00
```

बस्स, दोनच ओळी. हप्ता मागितला गेला आणि परत फिरला, हे पासबुकात कुठेच नाही. दिसतो तो फक्त दंड. `RTN` म्हणजे परत गेलेला, `CHGS` म्हणजे शुल्क. ५ तारखेला पैसे कमी पडले, बँकेने २५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून २९५ लावले. फायनान्स कंपनीने १० तारखेला पुन्हा मागणी पाठवली. आता तर शिल्लक आणखी कमी. पुन्हा २९५. हप्ता एकच, दंड ५९०. शिवाय कंपनीने हप्ता परत गेल्याचं स्वतःचं शुल्क लावलं, ते पासबुकात नव्हे तर कर्जाच्या स्टेटमेंटमध्ये दिसलं. १२ ला पगार येऊन हप्ता गेला आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. या गृहस्थांना वाटत होतं, बँक ‘दरमहा काहीतरी’ घेते.

शुल्काची रक्कम प्रत्येक बँकेची वेगळी असते. काही ५०० घेतात, मग ओळ ५९० ची दिसते. काही बँका जीएसटीची ओळ वेगळी छापतात. खात्यात तेवढेही पैसे नसतील तर काही बँका शुल्क थकीत ठेवतात आणि पैसे जमा होताच उचलतात. म्हणून दंडाची ओळ कधी कधी चुकीच्या महिन्यात दिसते.

इथे तीन गोष्टी करता येतात, आणि पहिलीच बहुतेकांना पुरते:

- हप्त्याची तारीख पगारानंतरची मागून घ्या. फायनान्स कंपनीला लेखी विनंती करा. नवं मँडेट द्यावं लागेल, तेवढा त्रास एकदाच.
- पैसे आदल्या दिवशीच खात्यात ठेवा. मागण्या सकाळी लवकर येतात. दुपारी भरलेल्या पैशांचा उपयोग होईलच असं नाही. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच रविवारी आणि सुट्टीलाही चालतं. ‘पाच तारीख रविवारी आहे, सोमवारी भरू’ हा जुना हिशेब आता महागात पडतो.
- एकाच हप्त्यासाठी एका महिन्यात दोनदा शुल्क लागलं असेल तर कंपनीकडून दोन्ही मागण्यांच्या तारखा मागा. बँकेकडे शुल्क परत मागायला तोच पुरावा लागतो. बँक परत करीलच असं नाही, पण विचारल्याशिवाय तर नक्कीच करणार नाही.

*मँडेट बंद कुठे करायचं*

जिथे दिलं तिथे. यातच लोकांची सर्वाधिक धावपळ होते. `ACH D` चं मँडेट बँकेत किंवा नेट बँकिंगमधून रद्द करता येतं. ‘कंपनीकडे जा, आम्ही काही करू शकत नाही’ असं शाखेत सांगितलं, तर यूएमआरएन लिहून रद्द करण्याचा अर्ज द्या आणि पोच घ्या. यूपीआय ऑटोपेचं मँडेट ज्या ॲपवरून दिलं त्याच ॲपच्या ऑटोपे विभागात सापडतं. अशा ओळीत बहुधा `Mandate` हा शब्द असतो. कार्डावरचं मँडेट, म्हणजे ओटीटी किंवा एखाद्या ॲपची वर्गणी, बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या विभागात असतं आणि ओळीत `SI` दिसू शकतं.

कार्ड आणि यूपीआयच्या मँडेटवर पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्या सूचनेत व्यापाऱ्याचं नाव, रक्कम आणि तारीख असते, आणि त्या वेळची कपात नाकारता येते. तो संदेश जाहिरात समजून पुसू नका. मोफत चाचणीसाठी कार्ड दिलंत तर एक-दोन रुपये कापून परत आलेले दिसतील. ती फक्त कार्ड चालतं का याची तपासणी. खरी कपात चाचणी संपल्यावर होते.

एक इशारा द्यायलाच हवा. मँडेट रद्द केल्याने कर्ज रद्द होत नाही. हप्ता दुसऱ्या मार्गाने वेळेवर भरा. पैशांअभावी मँडेट परत जाणं हे २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट कायद्याच्या कलम २५ खाली, चेक न वटण्यासारखंच, गुन्हा ठरू शकतं. शिवाय हप्ता चुकल्याची नोंद क्रेडिट अहवालात जाते, ती वेगळीच.

कार्डाची ओळ: पाटीवरचं नाव वेगळं, कागदावरचं वेगळं

`POS` म्हणजे दुकानातल्या यंत्रावर कार्ड लावलं. `ECOM` किंवा `PG` म्हणजे ऑनलाइन. `NFS` किंवा तत्सम अक्षरं आणि रोख रक्कम म्हणजे बहुधा दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून काढलेले पैसे. त्यापुढे सहसा कार्डाचे शेवटचे चार अंक येतात. घरात दोन कार्डं असतील तर आधी हे चार अंक जुळवा. ‘मी काढलेच नाहीत’ म्हणणाऱ्या घरातल्या कित्येक भांडणांचा निकाल इथेच लागतो.

ओळ ओळखीची वाटत नाही, याचं नेहमीचं कारण म्हणजे तिथे कंपनीचं नोंदणीकृत नाव असतं. `AVENUE SUPERMARTS` म्हणजे डीमार्ट. `INFINITI RETAIL` म्हणजे क्रोमा. `TRENT` म्हणजे वेस्टसाइड किंवा झुडिओ. ऑनलाइन खरेदीत तर दुकानाऐवजी मधल्या पेमेंट कंपनीचंच नाव छापलं जाऊ शकतं, आणि शहर तिच्या मुख्यालयाचं. कोल्हापुरात बसून मागवलेल्या पुस्तकाची ओळ बंगळुरूची दिसते, ती अशी.

अशा वेळी नावाऐवजी रकमेवरून शोधा. अगदी पैशांपर्यंतची रक्कम घेऊन तुमच्या एसएमएस आणि ईमेलमध्ये शोध घ्या. १,२४७.३५ सारखी रक्कम दोन ठिकाणी सहसा जुळत नाही. तारीख जुळली नाही तर एक-दोन दिवस मागे जा. दुकानदाराकडून व्यवहार मिटायला वेळ लागतो आणि पासबुकात नंतरची तारीख पडते. परदेशी संकेतस्थळावर खरेदी केली असेल तर काही दिवसांनी `MARKUP` नावाची छोटी ओळ वेगळी येते. ते बँकेचं परकीय चलनाचं शुल्क, दुसरी खरेदी नव्हे.

विचित्र रकमेला १.१८ ने भागा

बँकेच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणून एखादी विचित्र रक्कम दिसली की तिला १.१८ ने भागून पाहा. उत्तर पूर्ण आकडा आलं, तर ते बँकेचं शुल्क असण्याची दाट शक्यता. २९५ भागिले १.१८ म्हणजे २५०. २३६ म्हणजे २००, हे अनेकदा डेबिट कार्डाचं वार्षिक शुल्क असतं. १७.७० म्हणजे १५, तिमाही एसएमएस शुल्क असू शकतं. २७.१४ म्हणजे २३. मोफत मर्यादेनंतरच्या एटीएम व्यवहाराला १ मे २०२५ पासून बँका जास्तीत जास्त एवढंच घेऊ शकतात.

ही युक्ती दोन रकमांना लागू पडत नाही, आणि त्याच नेमक्या जास्त विचारल्या जातात. मे महिन्याच्या अखेरीस ४३६ आणि २० रुपये गेलेले दिसले, तर ते पंतप्रधान जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा योजनांचे वार्षिक हप्ते. कधीतरी खातं उघडताना अर्जावर खूण केलेली असते. घाईने बंद करू नका. दोन्हींत दोन-दोन लाखांचं संरक्षण आहे. घरातल्यांना मात्र सांगून ठेवा, कारण कुणी गेल्यावर हा दावा करायचा असतो हेच पुष्कळ घरांना माहीत नसतं. पासबुकात ही ओळ असूनही दावा न केलेली कुटुंबं असतात. बंदच करायचं असेल तर शाखेत लेखी अर्ज द्या.

ओळ तुमची नाहीच, असं ठरलं तर

इथे वेळ मोजली जाते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी अशी ठरवली आहे:

- चूक बँकेची असेल तर तुमची जबाबदारी शून्य, कधीही कळवलंत तरी.
- चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच ठिकाणी घोळ झाला: बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलंत तर मर्यादित, साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये. त्यानंतर बँकेच्या धोरणानुसार.
- ओटीपी किंवा पिन तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतरचं बँकेचं.

कळवल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती तुमच्या खात्यात दाखवायची आणि नव्वद दिवसांत प्रकरण मिटवायचं, ही बँकेची जबाबदारी. चूक तुमची होती हे सिद्धही बँकेनेच करायचं असतं. फसवणूक वाटली तर आधी कार्ड किंवा यूपीआय बंद करा, लगेच १९३० वर फोन करा, मग शाखेत जा. बँकेचा नंबर कार्डाच्या मागून किंवा पासबुकावरून घ्या. इंटरनेटवर शोधलेला ‘कस्टमर केअर’ नंबर बऱ्याचदा दुसऱ्या चोराचा असतो.

ओळीत `AEPS` असेल आणि तुम्ही कुठेही अंगठा लावलेला नसेल, तर ते कार्डाच्या चोरीपेक्षा गंभीर समजा, कारण अंगठा काही बदलता येत नाही. बँकेला कळवण्याबरोबरच आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करा.

व्यवहार फसला पण पैसे परत आले नाहीत, याचे दिवस वेगळे. सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार एटीएममधून नोटा न येता पैसे कापले गेले तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत, आणि एका व्यक्तीला केलेलं यूपीआय किंवा आयएमपीएस अडकलं तर एका दिवसात परत यायला हवेत. त्यानंतर दररोज १०० रुपये भरपाई, तीही न मागता. मँडेट बँकेकडे रद्द केल्यावरही पैसे कापले गेले, तर जबाबदारी तुमच्या बँकेची आणि मुदत एका दिवसाची. म्हणून ती अर्जाची पोच जपून ठेवायची.

ओळ कळतच नसेल तर तोही तुमचा हक्क

जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं, की पासबुकात ग्राहकाला न उमगणाऱ्या नोंदी करू नका. पैसे कुणाला गेले, कुणाकडून आले, कोणत्या मार्गाने, शुल्क असेल तर कशाचं, एवढा तपशील द्या. पाठोपाठ सहकारी बँकांनाही हाच नियम लागू झाला. तेव्हा ‘सिस्टममध्ये एवढंच येतं’ हे उत्तर पुरेसं नाही. शाखेत भांडण्यापेक्षा चार ओळी लिहून द्या:

> ‘माझ्या बचत खात्यात दिनांक … रोजी रु. … नावे पडले आहेत. नोंदीतील क्रमांक … आहे. ही रक्कम कुणाला, कोणत्या मार्गाने व कोणत्या कारणासाठी गेली, तसेच मँडेट असल्यास त्याचा यूएमआरएन व मी दिलेल्या मँडेटची प्रत लेखी द्यावी. हा व्यवहार मी मान्य केलेला नाही.’

व्यवहार तुमचाच असू शकतो असं वाटत असेल तर शेवटचं वाक्य गाळा. प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या, किंवा ईमेल करून तक्रार क्रमांक मिळवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर विनाशुल्क तक्रार करता येते. त्यासाठी वकील लागत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली नसेल तर लोकपालाकडची तक्रार फेटाळली जाते, आणि पुष्कळ तक्रारी इथेच अडखळतात.

मदतीसाठी पासबुकाच्या पानाचा फोटो सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या गटात टाकणं टाळा. टाकलाच तर खातेक्रमांक, कार्डाचे अंक आणि शिल्लक झाका. नोंदीचा बारा अंकी क्रमांक फक्त बँकेला द्या.

आणि हे सगळं बँकांबद्दल झालं. तुमचं पासबुक गावातल्या किंवा नोकरदारांच्या पतसंस्थेचं असेल, तर तिच्यावर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण नसतं आणि वरचा लोकपालाचा रस्ताही तिथे नाही. तिथल्या न कळणाऱ्या नोंदीसाठी आधी संस्थेच्या सचिवाकडे लेखी अर्ज करा आणि मग सहकार खात्याच्या तालुक्यातल्या निबंधक कार्यालयात जा.